भुरी नॉइज समजून पुसली गेली: द्राक्षाच्या पानांच्या फोटोंसाठी जोड्या तयार करतानाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्ष बागायतदारांना फोनवरून सल्ला देणारी एक लहान संस्था आहे. नाव इथे देत नाही. बागायतदार पानाचा फोटो मेसेजिंग ॲपवरून पाठवतो, कार्यालयात वनस्पतिरोगाच्या तज्ज्ञ मॅडम तो मोठ्या पडद्यावर बघतात आणि कुठली फवारणी घ्यायची ते सांगतात. ऑक्टोबर छाटणीनंतरच्या दिवसांत फोटोंचा पूर येतो. त्यातले बरेच फोटो असे असतात की बोटभर पान मोठं केलं की चौकोनी ठिपक्यांशिवाय काही दिसत नाही.

आम्ही तिघे जण त्यांच्यासाठी सुपर-रिझोल्यूशनचं मॉडेल बनवत होतो. लहान, धूसर फोटो आत द्यायचा आणि मोठा, स्पष्ट फोटो बाहेर काढायचा. असं मॉडेल शिकवायला जोड्या लागतात: एकाच दृश्याचा एक खराब आणि एक शार्प फोटो, पिक्सेलला पिक्सेल जुळणारे. बागायतदाराकडून आलेल्या खराब फोटोचा शार्प जुळा कुणाकडेच नसतो. म्हणून सगळं क्षेत्र उलट्या वाटेने जातं. शार्प फोटो घ्यायचा, तो आपणच मुद्दाम खराब करायचा आणि मॉडेलला सांगायचं की आता हे परत आण. मॉडेल काय शिकणार हे त्यामुळे खराब कसं केलं यावर ठरतं. हे वाक्य आम्हाला पहिल्या दिवसापासून पाठ होतं. त्याचा अर्थ कळायला चार महिने लागले.

अडचण

पहिलं मॉडेल आम्ही पुस्तकी पद्धतीने केलं. २०१४ साली एसआरसीएनएन हे मॉडेल आलं तेव्हापासून बहुतेक शोधनिबंध शार्प फोटो बायक्युबिक पद्धतीने, म्हणजे शेजारच्या पिक्सेलांवरून नवा पिक्सेल मोजून, लहान करतात आणि त्यालाच खराब फोटो मानतात. २०१७ चा डीआयव्ही२के हा फोटोसंच शिकवण्यासाठी ८०० फोटो देतो, त्यातही हीच सोय आहे. आम्ही तो घेतला, चौपट लहान केला, मॉडेल शिकवलं. चाचणीचे फोटोही तसेच लहान केलेले होते, त्यामुळे निकाल डोळे दिपवणारा आला.

मग बागायतदारांचे खरे फोटो दिले. मॉडेलने पान स्पष्ट केलं नाही, पण जेपीईजीच्या ८ गुणिले ८ पिक्सेलच्या चौकटी मात्र कोरीव कामासारख्या स्पष्ट केल्या. यात मॉडेलची चूक काहीच नव्हती. त्याने आयुष्यात जेपीईजीची चौकट पाहिलीच नव्हती. प्रत्येक कड ही खरी कड आहे आणि ती धारदार करायची, एवढंच त्याला शिकवलं होतं.

याच टप्प्यावर एक फुटकळ चूकही सापडली. फोटो लहान करायला आमच्यातला एक जण पिलो ही पायथनची लायब्ररी वापरत होता आणि दुसरा ओपनसीव्ही. दोन्हीकडे पर्यायाचं नाव बायक्युबिकच. पण पिलो लहान करताना आधी बारीक तपशील सरासरीने मिसळून घेतं, ओपनसीव्हीचं `cv2.INTER_CUBIC` ते करत नाही. त्याच्या फोटोंत पानाच्या शिरा करवतीसारख्या तुटक आल्या होत्या. अर्ध्या जोड्या एका जातीच्या आणि अर्ध्या दुसऱ्या, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. दोन फोटो शेजारी ठेवून बघितले असते तर पाच मिनिटांचं काम होतं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय खऱ्या जोड्यांचा. एकच पान चांगल्या कॅमेऱ्याने आणि साध्या फोनने टिपायचं. असा प्रयत्न इतरांनी केलेला आहे. २०१९ च्या रिअलएसआर संचात एकाच कॅमेऱ्याची फोकल लांबी बदलून तेच दृश्य टिपलं आणि मग दोन्ही फोटो बारकाईने जुळवले. पण ती दृश्यं स्थिर असतात. द्राक्षाचं पान वाऱ्यावर हलतं, कॅमेरा दोन बोटं सरकला तरी जवळच्या पानाचा कोन बदलतो. आम्ही एक सकाळ बागेत काढली आणि साठ पानं टिपली. दोनतीन पिक्सेलच्या आत जुळणारी जोडी त्यात एकही निघाली नाही. न जुळणाऱ्या जोड्यांवर शिकलेलं मॉडेल कड नक्की कुठे ठेवायची हे न कळल्याने ती मधोमध पसरवतं, म्हणजे धूसर करायलाच शिकतं. हा पर्याय आम्ही सोडला. पुढे तो वेगळ्या रूपात परत आला, ते खाली येईलच.

दुसरा पर्याय तयार पाककृतीचा. २०२१ मध्ये बीएसआरगॅन आणि रिअल-ईएसआरगॅन अशी दोन कामं आली. दोन्हींचा विचार एकच: खरा फोटो कसा खराब होतो हे माहीत नसेल तर सर्व प्रकारांनी खराब करून दाखवा. रिअल-ईएसआरगॅनमध्ये ब्लर, आकारबदल, नॉइज म्हणजे पिक्सेलांची विस्कळीत चढउतार, आणि जेपीईजी ही फेरी दोनदा चालते. प्रत्येक वेळी किती ब्लर, किती नॉइज हे एका रुंद पट्ट्यातून चिठ्ठी काढल्यासारखं ठरतं.

तिसरा पर्याय आपल्याकडे येणारे फोटो नेमके कोणत्या वाटेने खराब होतात हे मोजून तेवढंच करण्याचा. यात वेळ जाणार होता आणि आमच्याकडे तो नव्हता, निदान तेव्हा तसं वाटत होतं. म्हणून दुसरा पर्याय घेतला.

तयार पाककृती आणि गायब झालेली भुरी

दुसरं मॉडेल दिसायला सुरेख होतं. चौकटी गेल्या, पानाच्या कडा सरळ झाल्या, हिरवा रंग स्वच्छ आला. आम्ही खुशीत मॅडमना दहा फोटो दाखवले. त्यांनी चौथ्या फोटोवर थांबून मूळ फोटो मागितला. दोन्ही शेजारी ठेवले आणि म्हणाल्या, "अरे, याच्यावर भुरी होती. गेली कुठे? पान धुऊन आणलंत का?"

मूळ फोटो वाईट होता, पण पानाच्या वरच्या बाजूला राखाडी-पांढऱ्या पिठाचा अगदी पुसट थर होता. भुरीची सुरुवात अशीच होते. मॉडेलने तो थर काढून खाली गुळगुळीत हिरवं पान रंगवून दिलं होतं. भुरी आणि डावणी या द्राक्षावरच्या दोन रोगांची औषधं वेगळी, आणि भुरी सुरुवातीला पकडली तरच आटोक्यात राहते. म्हणजे आमचं मॉडेल सुंदर फोटो देऊन चुकीचा सल्ला घडवत होतं.

हे का झालं, ते आकड्यांत बघणं सोपं आहे. फोटोत प्रत्येक पिक्सेलची उजळता ० ते २५५ मध्ये असते. सुरुवातीच्या भुरीचा कण शेजारच्या हिरव्यापेक्षा साधारण दहा अंशांनी उजळ असतो आणि आमच्या फोटोंत एक ते दोन पिक्सेल रुंद असतो. रिअल-ईएसआरगॅनच्या मूळ मांडणीत पहिल्या फेरीत गाउसियन नॉइजचं प्रमाण विचलन १ ते ३० अंश आहे. समजा त्यातून १५ आलं. म्हणजे प्रत्येक पिक्सेल आपल्या जागेवरून वरखाली सहज पंधरा अंश हलला. त्यात दहा अंशांचा एकटा कण शोधायचा कसा? कुणालाच येणार नाही, मॉडेललाही नाही. असे हजारो नमुने पाहून ते एक शहाणा नियम शिकतं: एकदोन पिक्सेलचे, फिकट, विस्कळीत ठिपके म्हणजे नॉइज, पुसून टाका. इमारती, प्राणी आणि माणसांच्या फोटोंवर हा नियम छान चालतो. आमचा रोगच नेमका विस्कळीत फिकट ठिपक्यांचा होता.

शिवाय आमच्या शार्प बाजूला भुरीचं एकही पान नव्हतं. जगात असं काही असतं हे मॉडेलला कुणी सांगितलंच नव्हतं.

इथे निर्णयाचा पहिला खरा क्षण आला. नॉइजचा पट्टा नुसता अरुंद करावा, १ ते ३० च्या जागी १ ते ८, असं आमच्यातल्या एकाचं म्हणणं होतं. एका ओळीचा बदल. पण आठच का, सहा किंवा बारा का नाही, याला कुणाकडे उत्तर नव्हतं. तेव्हा तिसऱ्या पर्यायाकडे वळलो.

फोटोची वाट मोजणं

आम्ही कागदावर फोटोचा प्रवास लिहिला. भिंग आणि हात यांच्यामुळे येणारा धूसरपणा सर्वांत आधी. मग सेन्सरवरचा नॉइज. मग फोन स्वतः तो नॉइज दाबतो आणि कडा धारदार करतो. मग पहिलं जेपीईजी. ॲप लांब बाजू १६०० पिक्सेलवर आणतं आणि शेवटी दुसरं जेपीईजी.

या क्रमानेच आमचा प्रश्न अर्धा सोडवला. तयार पाककृतीत नॉइज बहुतेक वेळा आधीच लहान झालेल्या फोटोवर पडत होता. खऱ्या वाटेवर तो मोठ्या फोटोवर पडतो, साधारण ४००० पिक्सेल रुंदीवर, आणि त्यानंतर फोटो १६०० वर येतो, म्हणजे अडीचपट लहान होतो. लहान होताना प्रत्येक नवा पिक्सेल सुमारे सहा जुन्या पिक्सेलांची सरासरी असतो. स्वतंत्र नॉइज सरासरीत पिक्सेलसंख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे १० अंशांचा नॉइज ४ वर येतो. फोनने तो आधीच दाबलेला असतो ते वेगळंच. उरतो तो दाणेदार नॉइज नाही, तर मोठे, मऊ, रंगीत डाग. बागायतदारांच्या फोटोंत आकाशाचे तुकडे मोठे करून बघितले तर हेच डाग दिसले. आम्ही मॉडेलला वाळू दाखवत होतो आणि खरा फोटो शेवाळाचा होता.

आणखी एक गोष्ट. सेन्सरवरचा नॉइज उजेडाबरोबर वाढतो. त्याचा वर्ग उजेडाच्या प्रमाणात असतो आणि त्यात सेन्सरच्या वाचनाचा एक ठरावीक भाग मिळतो. पण फोटोतले आकडे उजेडाच्या सरळ प्रमाणात नसतात, गॅमामुळे सावलीचा भाग ताणलेला असतो. म्हणून आधी आकडे सरळ उजेडात परत न्यायचे, तिथे ब्लर आणि नॉइज द्यायचा आणि मग पुन्हा गॅमा लावायचा. रॉ फाइल, म्हणजे सेन्सरचे कच्चे आकडे, देणारे दोन साधे फोन घेऊन आम्ही एकाच करड्या पुठ्ठ्याचे कमीजास्त उजेडात फोटो काढले आणि त्यावरून उजेडाच्या प्रमाणाचा `a` आणि ठरावीक भागाचा `b` हे दोन आकडे बसवले.

ब्लरसाठी मांडवाच्या तारेने मदत केली. आलेल्या कितीतरी फोटोंच्या कोपऱ्यात आकाशावर मांडवाची किंवा खांबाची कड दिसते. आकाशाकडून खांबाकडे जाताना उजळता किती पिक्सेलांत उतरते, हे मोजलं की धूसरपणा किती ते कळतं. त्यात पानाची गोष्ट मात्र वेगळी निघाली: बागायतदार फोन पानाच्या इतका जवळ नेतात की फोकस बसतच नाही. हा धूसरपणा गाउसियन ढगासारखा नसतो, भरलेल्या चकतीसारखा असतो. म्हणून ब्लरच्या आकारांत चकती आणि हात हलल्याची छोटी रेघ हे दोन प्रकार जास्त ठेवले.

याच सुमाराला आम्ही चौपटचा हट्टही सोडला आणि दुप्पटवर आलो. १६०० चं चौपट म्हणजे ६४००, फोनच्या सेन्सरपेक्षाही जास्त. तिथला तपशील फोनने कधी पाहिलेलाच नाही, तो मॉडेलने मनाने भरावा लागणार. ३२०० पर्यंतचा तपशील निदान सेन्सरवर पडलेला तरी होता. शेवटी साखळी अशी झाली:

```python
y = resize_area(src, 0.8)          # शार्प बाजू, 3200
x = to_linear(src)                 # src = 4000
x = blur(x, kernel)
x = x + np.random.randn(*x.shape) * np.sqrt(a*x + b)
x = to_srgb(np.clip(x, 0, 1))
x = denoise_sharpen(x)
x = jpeg(x, q1)
x = resize(x, 0.4)
x = jpeg(x, q2)                    # खराब बाजू, 1600
```

शेवटच्या दोन पायऱ्या आणि परत आलेला पहिला पर्याय

शेवटच्या दोन ओळींत ॲपचं काम आहे. ते लहान कसं करतं आणि जेपीईजीची कुठली पातळी वापरतं हे कुठे लिहिलेलं नव्हतं. सुरुवातीला आम्ही अंदाजाने ३० ते ९५ मधली कुठलीही पातळी टाकत होतो.

आमच्यातला सगळ्यात धाकटा एक दिवस म्हणाला, "आपणच फोटो पाठवून बघू ना." इतकं साधं होतं. मूळ फोटो आपल्याकडे असतो, तो ॲपमधून दुसऱ्या फोनवर पाठवला की खराब झालेला जुळा मिळतो. वारा नाही, कोन नाही, हललेला हात नाही. साखळीच्या या शेवटच्या तुकड्यासाठी खऱ्या जोड्या फुकट मिळत होत्या आणि पूर्ण जुळत होत्या. खऱ्या जोड्यांचा पर्याय आम्ही सगळ्या साखळीसाठी अशक्य म्हणून टाकला होता. तो तुकड्यापुरता शक्य आहे हे सुचलं नाही.

दोनशे फोटो पाठवले. जेपीईजी फाइलमध्ये तिची क्वांटायझेशनची कोष्टकं, म्हणजे कुठला तपशील किती ढोबळ करायचा हे ठरवणारे आकडे, लिहिलेलीच असतात आणि पिलो ती वाचून देतं. तीच कोष्टकं आपल्या फाइलला लावताही येतात:

```python
q = Image.open("aalela.jpg").quantization
im.save("nakkal.jpg", "JPEG", qtables=q, subsampling=2)
```

इथे `subsampling=2` म्हणजे रंगाची माहिती आडवी-उभी अर्धी ठेवणं. आलेल्या फाइली तशाच होत्या. मग लहान करण्याच्या तीनचार पद्धतींनी नक्कल केली, खऱ्या आलेल्या फाइलमधून वजा केली आणि उरलेला फरक सगळ्यात कमी असलेली पद्धत ठेवली. फरक शून्य झाला नाही, पण वजाबाकीच्या चित्रात पानाच्या कडा दिसेनाशा झाल्या. कडा दिसत राहिल्या असत्या तर लहान करण्याची पद्धत चुकली असं समजायचं.

या कामात एक खोडकर चूकही बाहेर आली. वेळ वाचवायला आम्ही फोटोचा लहान चौकोन आधी कापत होतो आणि मग तो खराब करत होतो. त्यामुळे जेपीईजीची ८ पिक्सेलची चौकट दर वेळी त्या चौकोनाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातूनच सुरू व्हायची. मॉडेलने ते पाठ केलं. अख्खा फोटो तुकड्या-तुकड्यांनी दिला आणि तुकडा आठच्या पटीत नसेल तिथे सुरू झाला, की चौकटी परत उमटायच्या. काही फोटोंत यायच्या, काहींत नाही, त्यामुळे आठवडाभर कारण सापडेना. उपाय साधा: मोठा तुकडा खराब करायचा आणि नंतर कुठूनही कापायचा. मात्र जोडीचा शार्प तुकडा त्याच जागेचा हवा, म्हणून कापण्याची जागा खराब बाजूच्या पूर्ण पिक्सेलवर धरायची आणि शार्प बाजूला तिची दुप्पट.

शार्प बाजू, आणि भुरी नसलेल्या पानावरची भुरी

खराब बाजू जमत आली तेव्हा शार्प बाजूकडे बघितलं. मॅक्रो लेन्सने सहाशेच्या आसपास पानं टिपली: निरोगी, भुरीची, डावणीची, करप्याची. रॉमधून काढली आणि आकार अर्धा केला, म्हणजे कॅमेऱ्याचा स्वतःचा उरलासुरला नॉइज सरासरीत विरून जाईल. शार्प बाजूला नॉइज राहिला तर मॉडेल तो पिकवायला शिकतं. शिकवण्याचे आणि तपासणीचे फोटो बागेनुसार वेगळे केले. एकाच पानाचे पाठोपाठ काढलेले दोन फोटो दोन्हीकडे गेले तर निकालाला अर्थ राहत नाही.

तिसरं मॉडेल शिकवलं आणि भुरी परत आली. इतकी परत आली की जिथे नव्हती तिथेही दिसू लागली. बोर्डो मिश्रण फवारलेल्या पानांवर निळसर पांढरे डाग राहतात. मॉडेलने त्या डागांच्या कडेला पिठासारखा पोत भरला. मॅडमनी एकच वाक्य उच्चारलं, "आधी लपवत होतात, आता लावालावी करताय."

कारणं दोन होती. आमच्या संचात पांढरं पान म्हणजे भुरीचं पान असंच समीकरण होतं, औषधाचे डाग असलेली पानं नव्हतीच. ती दीडशे टिपून घातली. दुसरं कारण जास्त खोल होतं. काही जोड्यांत आम्ही पान इतकं खराब करत होतो की भुरीचा मागमूस राहत नव्हता, आणि तरी शार्प बाजूला भुरी होती. अशी जोडी मॉडेलला एकच सांगते: जे दिसत नाही ते तू सांग. त्यात प्रशिक्षणात आम्ही दुसरं नेटवर्कही लावलं होतं, चित्र खरं वाटतं की बनावट हे ओळखणारं. ते नसतं तर मॉडेलने अशा ठिकाणी सरासरी काढून पान गुळगुळीत ठेवलं असतं. ते असल्यामुळे गुळगुळीत पान "बनावट" ठरायचं आणि मॉडेल पोत रचायचं.

इथला निर्णय वादाचा झाला. ते दुसरं नेटवर्क काढलं तर चित्र मऊ दिसतं, संस्थेला दाखवताना फिकं पडतं. ठेवलं तर चित्र झळकतं आणि कधीमधी खोटं बोलतं. आम्ही ते काढलं. खराबीच्या पट्ट्याला वरची मर्यादाही घातली. प्रत्येक जोडी बनवल्यावर खराब फोटो साध्या पद्धतीने मोठा करून भुरीचा भाग आसपासच्या हिरव्यापासून वेगळा काढता येतो का, हे तपासलं. येत नसेल तर जोडी टाकून दिली. आणि काही जोड्या जवळजवळ न बिघडवता ठेवल्या, म्हणजे चांगला फोटो आला तर मॉडेल त्याला हात लावणार नाही.

निकाल

शिकवण्यात न वापरलेल्या बागांतली ४० पानं घेतली. मॅडमच्या सहकाऱ्याने प्रत्येक पान हातातल्या भिंगाखाली बघून भुरी आहे की नाही लिहून ठेवलं. २० वर होती, २० वर नव्हती. पानांचे फोटो तीन साध्या फोनने काढून ॲपमधून पाठवले. मॅडमना एकेक फोटो क्रम बदलून दाखवला, कधी नुसता मोठा केलेला, कधी कुठल्यातरी मॉडेलने केलेला, कुठला कोणता हे न सांगता. उत्तरं तीनच: आहे, नाही, सांगता येत नाही.

नुसत्या मोठ्या केलेल्या फोटोंत १४ वेळा "सांगता येत नाही" आलं. तयार पाककृतीच्या मॉडेलवर ते ३ वेळाच आलं, पण भुरीच्या २० पानांपैकी ८ पानांना त्यांनी ठामपणे "नाही" म्हटलं. शेवटच्या मॉडेलवर ९ वेळा "सांगता येत नाही" आलं आणि चुकीची उत्तरं नुसत्या मोठ्या केलेल्या फोटोंइतकीच राहिली. म्हणजे मिळकत पाच पानांची. ४० पानांवरचा हा फरक छातीठोकपणे सांगण्याइतका मोठा नाही, हे आम्ही संस्थेला लिहूनही दिलं.

कृत्रिम जोड्यांवर मोजायचा पीएसएनआर, म्हणजे मॉडेलचं चित्र शार्प फोटोच्या किती जवळ आलं हे सांगणारा नेहमीचा आकडा, आम्ही शेवटी बघणंच सोडलं. प्रत्येक मॉडेलला स्वतःच्या पाककृतीने बिघडवलेल्या फोटोंवर छान गुण मिळत होते, अगदी पहिल्या बायक्युबिकवाल्यालाही. त्याऐवजी एक साधी कसोटी ठेवली: मॉडेलने दिलेलं चित्र पुन्हा १६०० वर आणायचं आणि आलेल्या फोटोतून वजा करायचं. फरक मोठा आला तर मॉडेलने स्वतःचं काहीतरी घातलंय किंवा काढलंय. भुरी पुसणारं मॉडेल या कसोटीत पहिल्याच फोटोला पकडलं गेलं असतं.

आता मोठा केलेला फोटो नेहमी मूळ फोटोच्या शेजारीच दिसतो. धूसरपणा ठरलेल्या मर्यादेपलीकडे असेल तर मॉडेल चालवतच नाहीत, "दादा, फोन वीतभर लांब धरून पुन्हा काढा" असा निरोप जातो.

पुन्हा करायचं झालं तर

ॲपमधून फोटो पाठवून बघणं पहिल्या आठवड्यात करू. ते करताना आणखी एक गोष्ट कळली असती: तोच फोटो ॲपमध्ये डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तो जसाच्या तसा येतो, ४००० चा ४०००. सगळ्यांना ते जमत नाही आणि बागेत रेंज कमी असली की मोठी फाइल जात नाही. तरी ज्यांना दाखवलं त्यातल्या बऱ्याच जणांनी ते उचललं, आणि त्या फोटोंना मॉडेलची गरजच पडत नाही. चार महिन्यांच्या कामानंतर हे लक्षात येणं थोडं लागलं, खोटं कशाला बोला.

मॅडमना दुसऱ्या नव्हे तर पहिल्या मॉडेलपासून बसवायला हवं होतं. आम्ही तिघांनी ते दहा फोटो आधी दोन दिवस बघितले होते. भुरी गेली हे एकालाही दिसलं नव्हतं, कारण चित्र सुधारलं की नाही एवढंच आम्ही बघत होतो.

फोनमधला नॉइज दाबण्याचा भाग मात्र अजूनही आमच्या साखळीतला सगळ्यात कच्चा तुकडा आहे. `denoise_sharpen` मध्ये आम्ही दोन साधे फिल्टर बसवले आहेत. नवे फोन एकापाठोपाठ अनेक फोटो काढून ते एकत्र करतात, पान हललं असेल तर तेवढा भाग वेगळ्या पद्धतीने सोडवतात. त्याची नक्कल आमच्याकडे नाही. अशा फोनवरून आलेल्या फोटोंत पानाच्या कडेला दुहेरी रेघ येते आणि मॉडेल ती शीर समजून नीट कोरून देतं. सध्या ते फोटो आम्ही हाताने बाजूला काढतोय.